चेहरा तेवढा खोटा, बाकी सगळं खरं

> चेहरा बदललेल्या व्हिडिओंचा उगाच बाऊ चाललाय. १) नीट बघितलं की खोटं कळतंच, डोळे आहेत ना? २) सोंगं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निघतात. दशावतारात कोणीही राजा होतो, तेव्हा कोण केस करतो? ३) खोटं निघालं की विषय संपला, दोन दिवसांत लोक विसरतात. ४) आणि होतं ते नटनट्यांचं, पुढाऱ्यांचं. आपल्यासारख्या साध्या माणसाचं काय जातं? पटलं तर पुढे पाठवा.

हा मजकूर आधी आमच्या वाडीच्या ग्रुपवर आला, तिथून चाकरमान्यांच्या ग्रुपवर गेला, आणि परवा वेंगुर्ल्याच्या एका मित्राने तोच मला नवा म्हणून पाठवला, खाली तीन अंगठे. मी कुडाळात व्हिडिओ एडिटिंग करतो. लग्नं, बारशी, आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतार. फ्रेम पुढे-मागे करत चेहऱ्याच्या कडा बघत बसणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून बोलतो. चारही मुद्द्यांना उत्तर देतो, पण सगळ्यांना सारखं नाही. खरी भिस्त पहिल्यावर आहे. तो पडला की बाकीचे फार वेळ उभे राहत नाहीत.

रश्मिका मंदाना यांचा लिफ्टमधला व्हिडिओ आठवत असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो देशभर फिरला. काळ्या कपड्यांतली एक तरुणी हसत लिफ्टमध्ये शिरते, काही सेकंदांचाच मामला. ती रश्मिका नव्हती. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या एका तरुणीने ९ ऑक्टोबरला स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला तो व्हिडिओ होता. अंग तिचं, चाल तिची, केस तिचे, लिफ्ट तीच. भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा तुकडा तेवढा रश्मिकाचा. व्हायरल मजकुराची शहानिशा करणाऱ्या अल्ट न्यूजच्या पत्रकाराने मूळ व्हिडिओ शोधून दोन्ही समोर ठेवले तेव्हा कोट्यवधी लोकांना कळलं. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. अगदी पहिल्या सेकंदाला, ती दारातून आत येत असताना, मूळ तरुणीचा चेहरा क्षणभर दिसतो आणि मग एकदम रश्मिकाचा होतो.

तो क्षण का सुटला, हे समजून घेतलं की सगळा कारभार समजतो. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर व्हिडिओला व्हिडिओ म्हणून बघतच नाही. ते एकेक फ्रेम घेतं. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांत तीनशे चित्रं. प्रत्येक चित्रात ते आधी चेहरा शोधतं, मग डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा अशा ठिकाणी खुणा लावतं. तिरका चेहरा सरळ करून त्याचा लहानसा चौकोन कापून घेतं. मान किती वळली आहे, तोंड किती उघडलं आहे, नजर कुठे आहे, हे सगळं तसंच ठेवून त्या चौकोनात दुसऱ्याचा चेहरा नव्याने तयार करतं. मग तो चौकोन पुन्हा तिरका करून जागेवर बसवतं, कडा पुसट करतं आणि गालाचा रंग मानेच्या रंगाशी जुळवतं. हे तीनशे वेळा. एखाद्या फ्रेममध्ये दाराची कड आडवी आली, चेहरा अर्धाच दिसला, तर त्याला चेहरा सापडतच नाही. मग ती फ्रेम जशीच्या तशी पुढे जाते आणि मूळ माणूस डोकावतो. लिफ्टच्या दारात झालं असणार ते बहुधा असंच.

म्हणजे खोटेपणा दिसू शकतो, हे मान्य. पण तो कोणाला दिसला? थांबवून, मागे-पुढे करून बघणाऱ्याला. तुम्ही-आम्ही बघतो तो व्हिडिओ एसटीत बसून, फोनच्या छोट्या पडद्यावर, अंगठ्याने वर ढकलत. इथे थोडा हिशेब करू. एखाद्याने पूर्ण उभं अंग दिसेल असा व्हिडिओ काढला आणि तो व्हॉट्सॲपवरून दोन-तीन हात फिरून तुमच्यापर्यंत आला, तर त्याची रुंदी ४८० पिक्सेलच्या आसपास उरलेली असते. त्यात माणसाचा चेहरा साठ-सत्तर पिक्सेलचा. आणि आज फुकट मिळणाऱ्या साधनांत चेहऱ्याचा चौकोन बऱ्याचदा १२८ पिक्सेलचा असतो. मोठ्या पडद्यावर तो चौकोन कमी पडतो, दात एकसंध पांढऱ्या पट्टीसारखे दिसतात, कातडी गुळगुळीत होते. तुमच्या फोनवर मात्र बनवणाऱ्याने जेवढं बनवलं तेवढंही पोचत नाही. दोष दिसायला जेवढी स्पष्टता लागते ती वाटेतच गळालेली असते. शिवाय दर वेळी फाइल दाबली जाते तेव्हा चेहऱ्याच्या कडेची पुसट रेघ आणि नेहमीचं कॉम्प्रेशन यांत फरक करता येत नाही. मीसुद्धा अशी फॉरवर्ड आलेली फाइल एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर घेऊन छातीठोक सांगू शकत नाही, मूळ मिळाली तरच काही बोलता येतं.

आता डोळ्यांबद्दल. प्रसिद्ध माणूस ओळखताना आपले डोळे जे करतात त्याचाच इथे फायदा घेतला जातो. १९९९ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथे काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुरक्षेसाठी लावलेल्या साध्या कॅमेऱ्याने इमारतीत शिरणाऱ्या प्राध्यापकांचं चित्रण केलेलं होतं, अगदी सुमार दर्जाचं. ज्यांना ते प्राध्यापक शिकवत होते त्या विद्यार्थ्यांनी त्यांना जवळपास बिनचूक ओळखलं. अनोळखी लोकांना ते जमलं नाही. मग संशोधकांनी एकदा शरीर झाकलं, एकदा चाल लपवली, एकदा चेहरा झाकला. शरीर आणि चाल गेली तरी ओळख फारशी बिघडली नाही. चेहरा झाकला तशी ती घसरली. म्हणजे ओळखीच्या माणसाला आपण अंधुक चित्रातही ओळखतो, आणि ओळखतो ते मुख्यतः चेहऱ्यावरून. खांदे, हात, उभं राहण्याची ढब या गोष्टी आपण बघतो खरं, पण त्यांच्यावर निर्णय सोपवत नाही.

फेस-स्वॅप, म्हणजे हा चेहराबदल, नेमका तिथेच घाव घालतो. जो भाग बघून आपण ‘हा तोच’ म्हणतो तेवढाच बदलायचा, बाकी सगळं अस्सल ठेवायचं. सावली खरी, कपड्यांची हालचाल खरी, मागे जाणारी रिक्षा खरी. अंधुक चित्रातही ओळखण्याची ती सवय इथे आपल्याविरुद्ध जाते. चित्र वाईट असलं तर आपण संशय घेत नाही, उलट मेंदू उरलेलं स्वतः भरून घेतो. अनोळखी माणसाचा चेहरा बदलला तर कुणाला काय? ओळखीचाच लागतो. आणि सगळ्या राज्याला ओळखीचा असेल असा चेहरा कोणाचा? पुढाऱ्याचा, नटीचा, क्रिकेटपटूचा. त्यांचे फोटो हव्या त्या कोनातून, हव्या त्या उजेडात मिळतात, ही सोय वेगळीच.

तरी कोणी म्हणेल, मला खुणा माहीत आहेत. २०१८ मध्ये अशीच एक खूण फार गाजली होती. तेव्हाचे खोटे चेहरे पापण्या लववत नव्हते, कारण ज्या फोटोंवरून ते शिकवले जात त्यांत डोळे मिटलेले फोटो जवळजवळ नसत. अमेरिकेतल्या संशोधकांनी ते हेरलं, निबंध लिहिला. थोड्याच काळात खोटे चेहरे पापण्या लववू लागले. खोटे चेहरे बनवणाऱ्यांनीही तो निबंध वाचलाच होता. कान बघा, दात बघा, बोटं मोजा, हे सगळे सल्ले याच वाटेने जातात. आजही मान पूर्ण बाजूला वळते तेव्हा, किंवा हात तोंडावरून जातो तेव्हा चेहरा लटपटतो, एवढं मी सांगू शकतो. पुढच्या वर्षी सांगू शकेन की नाही, शंका आहे.

आत्मविश्वासाचं म्हणाल तर २०२१ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी लोकांना व्हिडिओ दाखवले आणि आधीच सांगितलं की यातले निम्मे खोटे आहेत. तरीही बरोबर उत्तरं ५७.६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. चूक बहुतेक एकाच बाजूची होती, खोट्याला खरं म्हणण्याची. आणि आपल्याला ओळखता येतं असं मात्र बहुतेकांना वाटत होतं. तिथे तर लोक खोटं शोधायलाच बसले होते. आपल्या ग्रुपवर कोण शोधायला बसतो?

खोटं पकडायचा जो मार्ग खरोखर चालतो तो डोळ्यांचा नाहीच. चेहऱ्याभोवतीचं सगळं कुठल्या तरी मूळ व्हिडिओतून आलेलं असतं, तेव्हा तो मूळ व्हिडिओ शोधायचा. व्हिडिओ थांबवायचा, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्यायचे, चेहरा कापून टाकून फक्त कपडे आणि मागचा भाग ठेवायचा आणि गुगल लेन्समध्ये शोधायचं. चेहरा ठेवलात तर शोध त्या प्रसिद्ध माणसाकडेच घेऊन जातो, आणि तुम्हाला तर तो नको आहे. रश्मिकाच्या बाबतीत मूळ सापडलं कारण ते उघडपणे इन्स्टाग्रामवर होतं. पण एखाद्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसाला उभं करून नवं चित्रण केलं आणि त्यावर चेहरा चढवला, तर शोधायला मूळच नाही. पहिल्या मुद्द्याचं एवढं पुरे.

दशावताराचं उदाहरण ज्याने दिलं त्याचे मी आभार मानतो, कारण हा विषय माझ्या घरचा आहे. रात्रभर स्टेजसमोर कॅमेरा लावून बसलोय. स्त्रीपार्ट करणारा पुरुष पातळ नेसून, गजरा माळून येतो तेव्हा समोर बसलेल्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना त्याचं नाव ठाऊक असतं, गाव ठाऊक असतं. कित्येकांनी दुपारी त्याला चहाच्या टपरीवर बघितलेलं असतं. सोंग छान वठलं म्हणून त्याला बक्षीस देतात, तेही त्याच्या खऱ्या नावाने पुकारून. रंगभूषा कितीही झाली तरी नट आणि प्रेक्षक यांच्यात एक करार असतो आणि तो दोघांनाही माहीत असतो. पुढाऱ्यांची नक्कल करणाऱ्याचंही तेच, त्याला ओळखलं गेलं तरच टाळ्या मिळतात.

चेहराबदलातही असे प्रामाणिक नमुने आहेत. २०२१ च्या सुरुवातीला टॉम क्रूझ यांचे काही व्हिडिओ टिकटॉकवर आले. ते बेल्जियमच्या एका कलाकाराने केले होते. समोर वावरत होता तो क्रूझ यांची नक्कल करणारा, बांध्याने, केसांनी आणि आवाजानेही त्यांच्याशी जुळणारा नट. सॉफ्टवेअरला क्रूझ यांचा चेहरा शिकवायला दोनेक महिने लागले, मग प्रत्येक छोट्या व्हिडिओवर कित्येक दिवसांचं हातकाम. खात्याच्या नावातच ‘डीप’ होतं, डीपफेक म्हणजे यंत्राने केलेल्या नकलेची खूण. यात फसवायचा हेतू नव्हता, कसब दाखवायचं होतं. मला ते काम आवडलं, लपवत नाही.

पण तोच व्हिडिओ कोणी उतरवून घेतला, वरचं नाव कापलं आणि ‘बघा हा काय म्हणतोय’ लिहून पाठवला, की करार गेला. व्हिडिओबरोबर खात्याचं नाव प्रवास करत नाही, कोपऱ्यातला ‘एआयने बनवलेले’ हा शिक्का बोटाने कापून टाकता येतो. सोंग स्टेजवरून उतरून, तोंड न धुता, थेट लोकांच्या घरात शिरतं आणि आता घरच्यांना ते सोंग आहे हे सांगायला कोणी नाही. म्हणून ‘नक्कल पूर्वीपासून आहे’ हे खरं असलं तरी इथे लागू पडत नाही. आणि क्रूझवाल्या कामात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सॉफ्टवेअरपेक्षा तो नट जास्त महत्त्वाचा होता. आवाज काढणारा, हातवारे करणारा, बांध्याने जुळणारा माणूस मिळाला की अर्धं काम झालं. पुढाऱ्यांचे आवाज हुबेहूब काढणारे आपल्या जिल्ह्यातच किती आहेत, ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरा मुद्दा वाचून मला तारखा मांडाव्याशा वाटल्या. पोलिसांच्या सांगण्यानुसार रश्मिकाचा खोटा व्हिडिओ १३ ऑक्टोबर २०२३ ला टाकला गेला. तो खोटा असल्याचं देशाला कळलं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मधले तीन आठवडे तो खराच होता, ज्याने पाहिला त्याच्यापुरता. दिल्ली पोलिसांनी १० नोव्हेंबरला गुन्हा नोंदवला आणि आंध्र प्रदेशातल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाला अटक झाली २० जानेवारी २०२४ ला. तो रश्मिकाचं फॅन पेज चालवायचा. पोलिसांना त्याने सांगितलं की फॉलोअर वाढावेत म्हणून केलं, आणि ते दोन आठवड्यांत ९० हजारांवरून १ लाख ८ हजारांवर गेलेही. तिचा द्वेष करणाऱ्याने नव्हे, तिच्या चाहत्याने केलेलं काम.

आता हाच वेळेचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर लावून बघा. पुढचा प्रसंग मी कल्पून सांगतोय, घडलेला नाही. महाराष्ट्रात मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी काही मच्छीमार मंडळी वर्षानुवर्षं करत आली आहेत, तर ट्रॉलरवाल्यांना एकेक दिवस मोलाचा. समजा, ३० जुलैच्या संध्याकाळी मत्स्यव्यवसायमंत्र्यांचा चेहरा असलेला, बंदी पंधरा दिवस वाढवल्याचं सांगणारा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. बातमी अशक्य वाटत नाही, कारण मागणी खरी आहे. हर्णैला, मालवणला, देवगडला त्या वेळी काय चाललेलं असतं? बर्फाची ऑर्डर दिलेली असते, डिझेल भरायचं असतं, खलाशी गावाहून बोलावलेले असतात, काही वाटेत असतात. कोणी बर्फ रद्द करतो, कोणी खलाशांना फोन करून ‘थांबा’ म्हणतो. रात्री अकराला खात्याकडून खुलासा येतो. खुलाशाने बर्फ परत येत नाही आणि रत्नागिरीला पोचण्याऐवजी घरी परतलेला खलाशी १ ऑगस्टच्या पहाटे बोटीवर नसतो. ज्यांनी व्हिडिओवर विश्वास ठेवला नाही त्यांच्या बोटी गेल्या, पहिल्या दिवसाचा भाव त्यांना मिळाला. मग बंदरावर भांडण कोणाचं कोणाशी? व्हिडिओ बनवणारा तर कुठल्या तरी शहरात आहे. इथे खोटं पाच तासांत उघड झालं, तरी नुकसान त्या पाच तासांतच झालेलं आहे.

‘लोक विसरतात’ म्हणताना फॉरवर्ड लिहिणारा फाइलचं काय होतं हेही विसरला. इन्स्टाग्रामवरून, यूट्यूबवरून व्हिडिओ काढून टाकता येतो. व्हॉट्सॲपने फोनच्या गॅलरीत उतरलेली प्रत कोण काढणार? फार वेळा फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे चांगलंच आहे. पण गॅलरीतली प्रत नव्याने जोडून पाठवली की ती खूण येत नाही, व्हिडिओ पुन्हा ताजा. शिमग्याला एकदा उघडा पडलेला व्हिडिओ गणपतीत चाकरमान्यांबरोबर परत आला तर मला नवल वाटणार नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. खोटे चेहरे सर्रास झाले की खरा व्हिडिओही नाकारता येतो. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये हे घडलं. तिथले तेव्हाचे अध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर २०१८ मध्ये आजारी पडले, कित्येक आठवडे दिसलेच नाहीत. नव्या वर्षाच्या तोंडावर त्यांचं भाषण प्रसिद्ध झालं, त्यात चेहरा ताठर, डोळे विचित्र वाटत होते. विरोधकांनी हा डीपफेक असल्याचं म्हटलं. ७ जानेवारी २०१९ ला लष्करातल्या काही जणांनी बंडाचा प्रयत्न केला, तो फसला. तो व्हिडिओ बनावट असल्याचा पुरावा काही सापडला नाही. बोंगो यांना पक्षाघात झाला होता आणि पक्षाघाताने चेहरा तसा होतो. आपल्याकडे उद्या कोणी खाडीत रात्री ड्रेजरने वाळू उपसताना गावच्या पुढाऱ्याला कॅमेऱ्यात पकडलं, तर त्याला उत्तर द्यावंच लागणार नाही. ‘हे एआयचं आहे’ एवढं म्हणून तो मोकळा. आणि जीव धोक्यात घालून चित्रण करणारा पोरगाच खोटारडा ठरेल.

आता राहिलं ते साध्या माणसाचं. प्रत्येक फेस-स्वॅपमध्ये माणसं दोन असतात, हे या फॉरवर्डवाल्याच्या लक्षात आलेलं नाही. एक, जिचा चेहरा लावला ती. दुसरी, जिच्या अंगावर लावला ती. पहिली प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी अमिताभ बच्चन बोलले, केंद्रातले मंत्री बोलले, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दुसरीने स्वतःचा साधा व्हिडिओ टाकला होता. तिलाही जाहीरपणे सांगावं लागलं की माझा याच्याशी संबंध नाही, मला याचा फार त्रास झालाय, आणि समाजमाध्यमांवर काही टाकायला आता मुलींना आणखी भीती वाटेल. तारकर्लीला, आरे-वारेला रोज किती मुली रील करतात. त्यातल्या कुणाचंही अंग उद्या कुठल्या तरी नटीच्या चेहऱ्याखाली वापरलं जाऊ शकतं. मग गावातले लोक चेहऱ्यावरून नटीला ओळखतील आणि कपड्यांवरून, किनाऱ्यावरून, सोबतच्या मैत्रिणीवरून हिला.

ही भीती कल्पनेतली नाही. डीपट्रेस या कंपनीने २०१९ मध्ये इंटरनेटवरचे १४,६७८ डीपफेक व्हिडिओ मोजले होते. त्यातले ९६ टक्के अश्लील होते आणि त्या अश्लील व्हिडिओंतले चेहरे बायकांचेच होते. बहुतेक नट्या आणि गायिका. आकडा जुना आहे, मोजणाऱ्यांची पद्धत त्या काळची, पण या तंत्राचा मुख्य वापर कशासाठी सुरू झाला हे त्यावरून कळतं. पुढाऱ्यांची गंमत हा त्यातला लहान कोपरा होता. आणि नटीच्या चेहऱ्यावर हात बसला की तेच साधन कॉलेजातल्या मुलीच्या एका फोटोवरही चालतं. आधी हजारो फोटो लागत, आता बऱ्याच साधनांना एक पुरतो. प्रसिद्धीचं कवच नसलेल्या त्या मुलीच्या बाजूने कोण बोलणार?

पैशांची बाजूही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा व्हिडिओ आला. त्यात आपली मुलगी त्यावर खेळून कमावते असं ते म्हणताना दिसत होते. सचिननी स्वतः तो खोटा असल्याचं जाहीर केलं. तंत्राने बघाल तर तो पूर्ण चेहराबदल नव्हता. चेहरा सचिनचाच, ओठ आणि आवाज तेवढे बदललेले. पण पकड तीच: चेहरा आपला, म्हणजे माणूस आपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या प्रमुखांच्या अशाच व्हिडिओंबद्दल सावध करावं लागलं, त्यांत ते शेअरच्या टिपा देताना दिसत होते. अशा जाहिरातींतून मुंबईतल्या एका डॉक्टरचे सुमारे सात लाख गेल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल, तिथे चेहरा मुकेश अंबानींचा होता. यातल्या कुठल्या प्रसिद्ध माणसाचे पैसे गेले? गेले ते बघणाऱ्याचे. प्रसिद्ध माणूस खुलासा करतो आणि कामाला लागतो, पैसे गेलेला माणूस बँकेत खेपा घालत बसतो. चौथा मुद्दा म्हणजे अगदी उलटी गंगा आहे.

आमच्या ग्रुपवर हे लिहिल्यावर एका काकांनी विचारलं, ‘मग आलाच असा व्हिडिओ तर करायचं काय?’ त्यांना जे लिहिलं तेच इथे देतो. ‘हा खोटा आहे’ असं लिहूनसुद्धा पुढे पाठवू नका काका, कारण पुढचा माणूस व्हिडिओ ठेवतो आणि तुमची ओळ गाळतो. सांगायचंच असेल तर व्हिडिओशिवाय, शब्दांत सांगा. पैसे गेले असतील तर आधी सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन करा, बाकी सगळं नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर आलं. घरातल्या कुणाचं चित्र वापरलं गेलं असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं आणि ६६-ड म्हणजे दुसरा असल्याचं भासवून फसवणं, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ही अक्षरं इंग्रजी क्रमाने सी आणि डी अशी लिहिलेली दिसतील. तक्रारीला जाताना नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका. खात्याचं नेमकं नाव, पोस्टची लिंक, तुम्ही ती कधी पाहिली ती तारीख-वेळ, आणि मूळ व्हिडिओ तुमच्याकडे असेल तर तो फोनमधून न पुसता तसाच ठेवा. मूळ फाइलवर चित्रणाची तारीख असते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवर ती नसते, म्हणून ती स्वतःलाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घ्या.

काकांनी लगेच अंगठा दिला. त्यांच्यामागोमाग दोघांनी मूळ फॉरवर्ड पुन्हा टाकला.